आवृत्ती संपलेल्या कादंबरीचा माग कसा काढावा

जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन “अमुक कादंबरी आहे का?” असे विचारणे ही शोधाची पहिली पायरी आहे, असे बहुतेक नवख्यांना वाटते. प्रत्यक्षात ती तिसरी किंवा चौथी पायरी आहे. कादंबरीचे नेमके नाव, लेखकाने त्या पुस्तकावर छापलेले स्वतःचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठसंख्या या पाच गोष्टी हातात नसतील, तर दुकानदाराचे “नाही” खरे आहे की आपण चुकीचे नाव विचारत आहोत, हे कळायला काहीच मार्ग राहत नाही. म्हणून या लेखात पुस्तकाची ओळख पक्की करण्याला सर्वांत अधिक जागा दिली आहे. ती झाली की पुढचे काम पायपिटीचे आणि चिकाटीचे असते, पण अंधारात चाचपडण्याचे नसते.

उदाहरणासाठी मी माझाच एक शोध घेतो. माझ्या मामेबहिणीकडे एक जुनी कादंबरी होती. तिच्या आईने ती अनेकदा वाचली होती, पण नाव कोणालाच आठवत नव्हते, कारण पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि पहिली काही पाने गेलेली होती आणि उरलेला गठ्ठा कोणीतरी जाड पुठ्ठ्यात पुन्हा बांधून घेतला होता. पहिले शिल्लक पान ९ क्रमांकाचे होते आणि शेवटचे २४८ क्रमांकाचे. पानांच्या माथ्यावर कादंबरीचे नाव छापलेले नव्हते. कादंबरीचे खरे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्या पुनर्मुद्रणाविषयी लेखकाच्या वारसांशी चाललेले बोलणे अजून पुरे झालेले नाही.

पुस्तक स्वतः काय सांगते

खिळे जुळवून छापलेल्या मराठी पुस्तकांत एक लहानशी खूण असते, तिच्याकडे वाचक सहसा पाहत नाही. पुस्तक सुट्या पानांनी छापले जात नाही, तर फर्म्यांनी छापले जाते, आणि कादंबरीच्या नेहमीच्या आकारात एक फर्मा बहुधा १६ पानांचा असतो. बांधणी करणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक टायपात, फर्म्याचा क्रमांक आणि पुष्कळदा पुस्तकाच्या नावाचा संक्षेप छापलेला असतो. एकाच छापखान्यात चार पुस्तके एकदम चालू असली की हा संक्षेप उपयोगी पडे. आमच्या प्रतीत ९ क्रमांकाच्या पानाच्या तळाशी दोन आद्याक्षरे आणि पुढे २ हा आकडा होता, आणि ८९ क्रमांकाच्या पानाखाली तीच अक्षरे व ७ हा आकडा होता. म्हणजे कादंबरीचे नाव दोन शब्दांचे होते आणि त्या शब्दांची पहिली अक्षरे आम्हाला मिळाली.

त्या आकड्यांतून आणखीही एक गोष्ट निघते. सोळा पानांचा हिशेब धरला तर सातवा फर्मा ९७व्या पानावर सुरू व्हायला हवा, पण तो ८९व्या पानावर सुरू होत होता. याचा अर्थ पहिल्या फर्म्यातील आठ पाने नामपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना अशांसाठी वेगळी ठेवलेली होती आणि कादंबरीचे पान १ त्यांच्यानंतर आले होते. तेव्हा आमच्याकडे नसलेला मजकूर म्हणजे आरंभीची आठ पाने आणि कादंबरीची पहिली आठ पाने, असा एक पूर्ण फर्मा होता. आठ अधिक २४८ मिळून २५६, म्हणजे बरोबर १६ फर्मे होतात. पुस्तक शेवटी अपुरे नाही, हेही त्यामुळे समजले.

काळ ठरवण्यासाठी तीन-चार खुणा भरवशाच्या आहेत. पहिली खूण किमतीची. आमच्या प्रतीच्या शेवटच्या पानावर त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची जाहिरात होती आणि किमती रुपये-आण्यांत होत्या. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, तेव्हा आण्यांतील किंमत दिसली की पुस्तक बहुधा त्याआधीचे किंवा फार तर त्या सुमाराचे समजावे. “नवे पैसे” असे शब्द असतील तर ते १९५७ ते १९६४ या काळातले. दुसरी खूण पत्त्याची. “पुणे २” किंवा “मुंबई ४” असा पत्ता जुना असतो आणि सहा आकडी पिनकोड असेल तर पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचेच असते, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. तिसरी खूण लेखनाची. “करूं”, “कीं”, “घरांत” असे अनुस्वार भरपूर असतील तर ते १९६२ मध्ये शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे लेखन असते, मात्र काही लेखक आणि प्रकाशक नियम आल्यानंतरही जुन्याच वळणाने लिहीत राहिले, म्हणून ही खूण एकटी पुरत नाही. नामपृष्ठ शाबूत असेल आणि त्यावर केवळ शक असेल, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा, आणि प्रकाशन पौष, माघ किंवा फाल्गुनातले असेल तर बहुधा ७९ मिळवावेत.

हातात प्रतच नसेल आणि केवळ कोणाची आठवण असेल, तर आठवण सांगणाऱ्याला कथानकापेक्षा वेगळ्या गोष्टी विचाराव्यात. पुस्तक कोणत्या वाचनालयातून येत असे, ते सलग पुस्तक म्हणून वाचले की मासिकातून क्रमशः वाचले, घरात त्या काळी कोणते दिवाळी अंक येत, हे विचारावे. याचे कारण असे की “कादंबरी” म्हणून आठवणारे लेखन काही वेळा पुस्तकरूपाने कधीच निघालेले नसते, ते एखाद्या दिवाळी अंकात एकदाच छापून तिथेच राहिलेले असते. अशा वेळी पुस्तकाच्या दुकानांत कितीही फिरले तरी उपयोग होत नाही, जुने अंक शोधावे लागतात.

नोंद पक्की करणे

मराठी पुस्तकांच्या शोधात शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीइतके मोलाचे साधन दुसरे नाही. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांचा आहे आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा. त्यापुढच्या काळाचे काम शरद केशव साठे यांनी चालवले. हे खंड घरी मिळण्याची शक्यता कमी आहे, पण जुन्या मोठ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात ते सहसा असतात आणि तिथे बसून पाहता येतात. १९५७ नंतरच्या पुस्तकांसाठी कोलकात्याच्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाने काढलेली राष्ट्रीय ग्रंथसूचीही आहे, मात्र तीत सर्व पुस्तके आलेली असतीलच असे नाही.

आमच्या कादंबरीच्या बाबतीत १९५७ ही वरची मर्यादा मिळालेली होती. भाषेवरून आणि कथानकात येणाऱ्या रेशनिंगच्या उल्लेखांवरून ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची किंवा त्यानंतरची असावी असे वाटत होते, म्हणून दात्यांचा दुसरा खंड घेतला आणि कादंबऱ्यांच्या नोंदी ओळीने वाचत गेलो. काम कंटाळवाणे आहे, पण शोधायचे काय हे ठाऊक असल्यामुळे एका दुपारी होते. आमच्या दोन आद्याक्षरांशी जुळणारी तीन नावे निघाली. त्यांतील एका पुस्तकाची पाने शंभरच्या आसपास होती, दुसरे अनुवादित होते, आणि तिसऱ्याची पृष्ठसंख्या २४८ होती व प्रकाशक पुण्याचा होता. शेवटच्या पानावरच्या जाहिरातीतही तेच प्रकाशन होते. ओळख पटली.

पृष्ठसंख्येला मी इतके महत्त्व देतो याचे कारण, नावे फसवतात. एकाच नावाच्या दोन वेगळ्या लेखकांच्या कादंबऱ्या असणे मराठीत मुळीच दुर्मीळ नाही. एकाच लेखकाची निरनिराळी नावे असणे हा दुसरा फसवा प्रकार आहे. विभावरी शिरूरकर, बाळूताई खरे आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच लेखिकेची नावे आहेत. एखाद्या ग्रंथालयाने तिची पुस्तके टोपणनावाखाली लावलेली असतात, एखाद्याने खऱ्या नावाखाली, आणि एखाद्याने दोन्हीकडे अर्धी-अर्धी. म्हणून लेखकाचे नाव कळताच संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशात त्याची नोंद पाहावी आणि सगळी नावे कागदावर लिहून घ्यावीत.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त वेळ खातो, आणि आमच्याही बाबतीत तोच आडवा आला. तो म्हणजे दुसऱ्या प्रकाशकाने नवे नाव देऊन काढलेली दुसरी आवृत्ती. आम्हाला तो उशिरा कळला. त्याच लेखकाची एक नंतरची कादंबरी सहज चाळत असताना “लेखकाची इतर पुस्तके” या यादीत एका अपरिचित नावापुढे कंसात आमच्या कादंबरीचे मूळ नाव छापलेले दिसले. तेव्हा एक नियमच करावा, की ज्या लेखकाची कादंबरी हवी आहे त्याची नंतरची दोन-तीन पुस्तके ग्रंथालयातून घेऊन त्यांच्या आरंभीच्या आणि शेवटच्या पानांवरील याद्या वाचाव्यात. ही पाने कोणी वाचत नाही, म्हणूनच त्यांतली माहिती तशीच पडून असते.

ग्रंथालये

विकत मिळण्याआधी वाचायला मिळणे अधिक शक्य असते, म्हणून दुकानांआधी ग्रंथालये पाहावीत. महाराष्ट्रात जुनी ग्रंथालये भरपूर आहेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मधले, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले, आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मधले. पुण्यात पुणे मराठी ग्रंथालय आणि पुणे नगर वाचन मंदिर आहेत. कादंबरी ज्या शहरात छापली गेली त्या शहराचे ग्रंथालय आधी पाहावे, आणि लेखक ज्या गावचा त्या गावचे नंतर, कारण लेखक स्वतः गावच्या वाचनालयाला प्रत भेट देत असे आणि ती प्रत पुष्कळदा अजून तिथे असते.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक आहे. तत्त्वतः १९५४ नंतरचे प्रत्येक मराठी पुस्तक मुंबईत असायला हवे. व्यवहारात लहान प्रकाशकांनी प्रती पाठवल्याच नाहीत असे बरेचदा घडले, म्हणून या तरतुदीवर फार विसंबून राहू नये, पण तिथे न पाहताही राहू नये.

ग्रंथालयात विचारताना केवळ “आहे का?” असे विचारू नये. संगणकावरील यादीत पुस्तक नसले तरी जुन्या कार्डांच्या पेट्यांत ते असू शकते, आणि कार्ड नसले तरी दाखल नोंदवहीत असू शकते. कार्ड मिळाले आणि पुस्तक जागेवर नसेल, तर दाखलांक देऊन ते “बाद” झाले आहे, “गहाळ” आहे की बांधणीला गेले आहे, हे विचारावे. “बाद” म्हटले तर ते रद्दीत गेले असे समजावे, आणि “बांधणीला गेले” म्हटले तर दोन महिन्यांनी पुन्हा यावे. ग्रंथपालाला एवढी नेमकी भाषा वापरणारा वाचक क्वचितच भेटतो, आणि तो भेटला की मदत वेगळ्याच प्रकारे होते, असा माझा अनुभव आहे. संदर्भ विभागातील पुस्तक घरी मिळत नाही, ते तिथेच बसून वाचावे लागते. ओळखपत्र जवळ ठेवावे आणि मोबाइलने पाने टिपायची असतील तर आधी परवानगी घ्यावी.

संगणकावर शोधताना लेखनाच्या बदलाचे भान ठेवावे लागते. कोणी जुन्या पुस्तकाचे नाव छापल्याप्रमाणे अनुस्वारासह भरले आहे, तर कोणी आजच्या नियमांप्रमाणे. हरि नारायण आपटे यांची प्रसिद्ध कादंबरी “लक्ष्यांत” असे लिहून शोधली तर एके ठिकाणी सापडते आणि “लक्षात” असे लिहून दुसरीकडे. दोन्ही रूपे टाकून पाहावीत, आणि तरीही न मिळाल्यास नावातील सर्वांत साधा, अनुस्वार किंवा जोडाक्षर नसलेला शब्द तेवढा टाकावा.

`archive.org` वर मराठी पुस्तकांच्या हजारो प्रती चित्ररूपाने आहेत. त्यांतील पुष्कळ डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या कामातून आलेल्या आहेत आणि त्यांच्या ओळखक्रमांकाची सुरुवात `in.ernet.dli.2015` अशी असते. पुस्तकांची नावे रोमन लिपीत भरताना इतक्या चुका झाल्या आहेत की नावावरून शोधणे जवळजवळ व्यर्थ ठरते. लेखकाचे आडनाव चार-पाच प्रकारे लिहून शोधावे आणि दिसणारी प्रत्येक फाइल उघडून नामपृष्ठ पाहावे. नाव भलतेच आणि आत पुस्तक आपले, असे मी दोनदा अनुभवले आहे.

परदेशी ग्रंथालयांचा उपयोग मात्र नवखे लोक विसरतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील विद्यापीठांना पाठवत आले आहे. त्यामुळे १९६० नंतरच्या दशकांतील सामान्य मराठी कादंबऱ्याही, ज्यांची प्रत आपल्या तालुक्याच्या वाचनालयात उरलेली नाही, शिकागोच्या विद्यापीठात व्यवस्थित नोंदलेल्या असतात. `worldcat.org` वर त्यांची नोंद सापडते. तिथे नाव रोमन लिपीत ठरावीक पद्धतीने लिहिलेले असते, म्हणजे “च” साठी `c`, “छ” साठी `ch` आणि “ष” साठी `sh`. “चांदणे” शोधताना `chandane` असे टाकले तर काही मिळत नाही, `candane` टाकावे. आमच्या कादंबरीची बदललेल्या नावाची आवृत्ती १९६४ ची आहे आणि तिचा प्रकाशक मुंबईचा आहे, ही माहिती आम्हाला अशीच मिळाली. पुस्तक तिथून आणता येत नाही, पण प्रकाशकाचे नाव आणि वर्ष मिळते, आणि या टप्प्यावर तेच हवे असते.

जुन्या पुस्तकांचे विक्रेते

मराठी कादंबरीच्या एका आवृत्तीच्या हजार-अकराशे प्रती काढण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली, आणि त्यांतील मोठा भाग वाचनालयांत जात असे. म्हणून आज बाजारात येणाऱ्या जुन्या प्रती मुख्यतः दोन वाटांनी येतात. एक म्हणजे बंद पडलेली किंवा पुस्तके बाद करणारी वाचनालये, आणि दुसरी म्हणजे घर बदलताना किंवा घरातील वडीलधारे गेल्यावर रद्दीवाल्याला किलोने दिलेली कपाटे. हे ध्यानात घेतले तर कुठे विचारावे ते आपोआप कळते. मुंबईत फाउंटनच्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आणि जुन्या बाजारात जुनी पुस्तके मिळतात. त्यांतील अनेक ठिकाणी अभ्यासक्रमाच्या पुस्तकांचा भरणा असतो आणि ललित पुस्तके मागच्या बाजूला, गठ्ठ्यांत असतात. समोर दिसत नाही म्हणजे नाही, असे धरू नये.

विक्रेत्याकडे तोंडी मागणी ठेवू नये. एका कागदावर मोठ्या अक्षरांत कादंबरीची दोन्ही नावे, लेखकाची सर्व नावे, दोन्ही प्रकाशक आणि आपला दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा. मालकाला नव्हे, तर गठ्ठे सोडणाऱ्या मदतनीसाला द्यावा, कारण पुस्तक आधी त्याच्या हातात पडते. किती किंमत द्याल, असा प्रश्न आला तर आकडा सांगू नये. प्रत पाहून ठरवू, एवढेच म्हणावे. “फार दिवसांपासून शोधतो आहे, कितीही देईन” हे वाक्य उच्चारले की किंमत तिथल्या तिथे वाढते. मी ते एकदा उच्चारले आणि ज्या पुस्तकाचे शंभर रुपये व्हायचे त्याचे साडेसहाशे दिले.

आमच्या शोधात चार विक्रेत्यांनी मूळ नाव ऐकून नकार दिला होता. नवे नाव कळल्यावर त्यांच्याकडेच पुन्हा गेलो आणि तिसऱ्याच्या मागच्या खोलीत १९६४ ची प्रत निघाली. ती पहिल्या फेरीच्या वेळीही तिथेच होती.

प्रत हाती आल्यावर पैसे देण्याआधी ती पाने मोजून तपासावी. वाचनालयाच्या प्रतीत पहिला आणि शेवटचा फर्मा सर्वांत आधी सैल होतो, म्हणून पाने गेलेली असतील तर बहुधा तिथली असतात. पुन्हा बांधलेल्या प्रतीत एक फर्मा दोनदा आणि दुसरा मुळीच नाही, असाही प्रकार असतो, आणि तो चाळताना लक्षात येत नाही. त्यासाठी तळाचे फर्म्यांचे आकडे ओळीने पाहणे हा सोपा उपाय आहे. पान कोपऱ्यात हलकेच दुमडून पाहावे. कागद तडकन तुटला तर ती प्रत वाचायला नव्हे, तर जपून ठेवायलाच घ्यावी लागेल. मुखपृष्ठावर “संक्षिप्त” हा शब्द बारीक अक्षरांत आहे का आणि पुस्तक “भाग पहिला” तर नाही ना, हेही पाहावे. शाळकरी मुलांसाठी संक्षेप केलेल्या आवृत्त्या मूळ कादंबरी म्हणून सर्रास विकल्या जातात, आणि त्यात विक्रेत्याचा दोषही नसतो, कारण त्यालाही फरक माहीत नसतो.

१९६४ ची प्रत आम्ही मूळ प्रतीशी ताडून पाहिली तेव्हा लेखकाने शेवटची दोन प्रकरणे बदललेली निघाली. मामेबहिणीच्या आईला आठवत असलेला शेवट नव्या आवृत्तीत नव्हताच. म्हणजे प्रत मिळाली तरी हवी ती कादंबरी अर्धीच मिळाली होती, कारण जुन्या आवृत्तीचा पहिला फर्मा अजून हवा होता.

संग्राहक

संग्राहक पुस्तक देत नाहीत, हे आधीच मान्य करून त्यांच्याकडे जावे. त्यांच्याकडून मागायची ती माहिती आणि छायाचित्रे. नामपृष्ठ, त्यामागचे मुद्रक-प्रकाशकाचे पान आणि हवा असलेला मजकूर, एवढेच टिपून मिळावे अशी विनंती केली तर ती सहसा मान्य होते. त्यांना नसलेली माहिती आपण दिली, उदाहरणार्थ पुढील आवृत्तीचे बदललेले नाव, तर बोलणे बरोबरीच्या नात्याने होते. विकत मागायची असेल तर पहिल्या भेटीत मागू नये.

प्रकाशक आणि हक्क

प्रकाशनसंस्था चालू असेल तर तिला फोन करून “आवृत्ती संपली आहे का?” असे विचारण्याऐवजी नाव, वर्ष आणि आवृत्ती लिहून पत्र किंवा ईमेल पाठवावे आणि तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत: गोदामात सदोष किंवा बांधणी न झालेल्या प्रती आहेत का, दप्तरी प्रत आहे का, आणि हक्क सध्या कोणाकडे आहेत. गोदामात सुटे फर्मे पडून असल्याची उदाहरणे जुन्या संस्थांत आढळतात. आता थोड्या प्रतींची डिजिटल छपाई परवडते, त्यामुळे पंचवीस-तीस वाचकांची एकत्रित मागणी लेखी दिली तर काही प्रकाशक पुनर्मुद्रणाचा विचार करतात, पण हक्क वारसांकडे परत गेले असतील तर प्रकाशकाच्या इच्छेने काही होत नाही.

भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे, म्हणजे मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजून, हक्क टिकतात. १९६० मध्ये वारलेल्या लेखकाचे हक्क २०२० अखेर संपले, १९८० मध्ये वारलेल्याचे २०४० अखेरपर्यंत आहेत. त्याआधी संपूर्ण पुस्तक टिपून इतरांना वाटणे कायद्यात बसत नाही. स्वतःच्या अभ्यासापुरती काही पाने टिपणे वेगळे. शिवाय भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात, अशी तरतूद कायद्यात आहे. एखाद्या ग्रंथालयातील एकुलती एक प्रत मोडकळीस आलेली दिसली तर ग्रंथपालाला या तरतुदीची आठवण करून द्यावी.

आमचा राहिलेला फर्मा शेवटी लेखकाच्या मूळ गावच्या वाचनालयात सापडला. कार्ड नव्हते, संगणकावर नोंद नव्हती, पण दाखल नोंदवहीत “लेखकाकडून भेट” असा शेरा होता आणि पुस्तक कादंबऱ्यांच्या नव्हे, तर स्थानिक लेखकांच्या कपाटात होते. ग्रंथपालांच्या परवानगीने सोळा पाने टिपली, जुन्या आकाराच्या कागदावर छापली आणि बांधणी करणाऱ्याकडून ती मामेबहिणीच्या प्रतीत ९ क्रमांकाच्या पानाआधी शिवून घेतली. नामपृष्ठावर सन १९४७ आहे, आणि त्याच्या पाठीमागे मुद्रकाचे नाव व छापखान्याचा पत्ता आहे.